घराचा कन्सेप्ट कुटुंबापुढे मांडताना: तीन पर्याय, एक कागदी पट्टी आणि वाया गेलेले तीन आठवडे

मी आर्किटेक्ट आहे, एकटीच काम करते. खालच्या नोंदी एका घराच्या कन्सेप्ट टप्प्याच्या आहेत, म्हणजे पहिल्या भेटीपासून कुटुंबाने एका स्केचवर सही करेपर्यंतच्या. पैशांचे प्रत्यक्ष आकडे देत नाही, कारण दर जागोजागी वेगळे असतात. या कुटुंबाचं एकूण बजेट म्हणजे १०० भाग असं धरलं आहे आणि सगळे हिशेब त्या भागांत आहेत. पुढे हीच पद्धत मी कुटुंबासमोरही वापरली.

४ जानेवारी

पहिली भेट. घरात पाच माणसं: आजी, दादा, वहिनी, कॉलेजात जाणारी मुलगी आणि शाळकरी मुलगा. आजींचे गुडघे दुखतात, त्या वॉकर घेऊन चालतात. प्लॉट १८ बाय २४ मीटर, सपाट. बांधकाम साधारण १७५ चौरस मीटरपर्यंत जावं अशी अपेक्षा.

दादा बोलत होते, मी लिहून घेत होते. वहिनी दोनदा काहीतरी सांगायला लागल्या आणि थांबल्या. आजी फक्त ऐकत होत्या. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. वहीत तीन पानं भरली, ती सगळी दादांची.

बजेटबद्दल एक गोष्ट मात्र त्याच दिवशी नक्की केली. १०० पैकी १० भाग राखीव, त्याला हात लावायचा नाही. खर्चायला ९०. माझी फी आणि परवानग्यांचा खर्च याच्या बाहेर.

१० जानेवारी

घाई केली आणि तोंडावर पडले.

सहा दिवसांत एक प्लॅन बसवला, संगणकावर मॉडेल केलं आणि दोन रंगीत चित्रं काढून नेली. चित्रं छान होती, तोच घोळ झाला. पहिली पाच मिनिटं कौतुक, त्यानंतर चाळीस मिनिटं चर्चा कशावर, तर चित्रातल्या सोफ्याच्या रंगावर आणि समोरच्या भिंतीला दगड लावायचा की नाही यावर. जिना कुठे आहे, आजींची खोली कुठे आहे, हे कोणी विचारलंच नाही. मी विचारलं तेव्हा दादा म्हणाले, "ते तुम्ही ठरवलंच असेल ना मॅडम?"

गुळगुळीत चित्र बघितलं की समोरच्याला वाटतं घर ठरलं, आता आपण फक्त रंग सांगायचे. सरळ, जाड, एकसारख्या रेघेवर बोट ठेवून "ही भिंत हलवा" म्हणायला माणूस कचरतो. त्या भेटीतून मला एकही उपयोगी माहिती मिळाली नाही. मॉडेल आणि चित्रांचे १४ तास पाण्यात.

१६ जानेवारी

मागे आले. पुन्हा त्यांच्या सध्याच्या घरी गेले, या वेळी दुपारी, दादा कामावर असताना. प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि सांगितलं, कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत लिहा, कुठे बसलात, कुठून कुठे गेलात. मुलाने गंमत म्हणून घराचा नकाशाच काढला आणि त्यावर आपल्या येण्याजाण्याच्या रेघा मारल्या. आजींचं मी ऐकून लिहून घेतलं.

यातून जे निघालं ते तीन पानांत कुठेच नव्हतं. आजी रात्री तीनदा उठतात आणि दर वेळी वहिनी जाग्या होतात, कारण बाथरूम दोन वळणं घेऊन आहे. मुलीला दार लावून बसायची एकही जागा नाही, ती जेवणाच्या टेबलावर रात्री अकरानंतर अभ्यास करते. वहिनी घरून हिशेबाची कामं करतात, तीही स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून. दादांची पहिली मागणी होती "हॉल मोठा हवा". चारही कागदांत मिळून त्या हॉलमध्ये दिवसाला एक तासच गेलेला दिसला, तोही टीव्हीपुढे.

संध्याकाळी दादांना हे वाचून दाखवलं. ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, "हॉल थोडा लहान चालेल."

२५ जानेवारी

आता हातानेच. बटर पेपर, ६बी पेन्सिल, १:१०० स्केल. रेघ मुद्दाम सैल ठेवली, कोपऱ्यात रेघा एकमेकींना ओलांडून जातात अशी. भिंत एका रेघेत न काढता दोनतीनदा गिरवली. प्रत्येक खोलीत पलंग, टेबल, कपाट हे मापात काढलं. रिकामी चौकट किती मोठी आहे हे कोणाला कळत नाही, पण पलंगाच्या बाजूला किती जागा उरते ते कळतं.

प्रत्येक पर्यायाला तीनच चित्रं: प्लॅन, घर उभं कापल्यासारखा एक छेद, आणि डोळ्याच्या उंचीवरून एक कोपरा. छेदात माणसं काढली, वॉकर घेतलेल्या आजींसकट. प्लॅन वाचता न येणारी माणसं छेद लगेच वाचतात, हे मी आधीच्या कामांत पाहिलं आहे.

पर्याय असे:

अ: एकमजली, मध्ये ४ बाय ४ मीटरचा उघडा चौक. बाहेरून १२ बाय १६, चौक वजा करून १७६ चौरस मीटर.

ब: दुमजली, आटोपशीर. ८ बाय ११, दोन मजले, १७६ चौरस मीटर.

क: खाली ८ बाय १४, वर फक्त मागच्या अर्ध्यावर ८ बाय ७. एकूण १६८.

आता कबुली. 'क' मी मनापासून केलाच नव्हता. 'अ' मला आवडला होता, आणि तो उठून दिसावा म्हणून तिसरा काहीतरी हवा होता. 'क' दीड तासात काढला. वरच्या भिंती खाली कशावर टेकतात हेही पाहिलं नाही.

२७ जानेवारी

खर्चाची तुलना करायला बसले. माझा अंदाज होता की पसरलेल्या घराला बाहेरच्या भिंती जास्त लागतात, म्हणून 'अ' महाग. मोजून पाहिलं. 'अ'चा बाहेरचा घेर ५६ मीटर, त्यात चौकाभोवतीचे १६ मीटर, एकूण ७२. 'ब'चा घेर ३८, दोन मजल्यांचे ७६. भिंत 'ब'लाच थोडी जास्त लागते! स्लॅबचं क्षेत्रफळही दोन्हीकडे सारखंच, १७६. 'ब'मध्ये फक्त ते दोन थरांत विभागलं आहे.

मग 'अ' महाग कशाने? पाया आणि जोतं दुपटीच्या जवळ पसरतं. पावसाला तोंड देणारं छप्पर दुप्पट, म्हणजे वॉटरप्रूफिंगही दुप्पट. चौकाकडे उघडणारी दारं-खिडक्या आणि चौकातलं पाणी काढायची व्यवस्था वेगळी. त्यातून जिना आणि कठडा वाचतो तेवढा वजा केला. 'ब' ९१ भाग, 'अ' १०० भाग. नऊचा फरक.

हेच आकडे घेऊन मी जाणार होते. रात्री स्केचकडे पुन्हा बघताना लक्षात आलं की तुलनाच खोटी आहे. 'ब'मध्ये जिना खाली ९ चौरस मीटर खातो आणि वर त्याची पोकळी तेवढीच जागा खाते. म्हणजे १७६ मधले १८ राहायला मिळतच नाहीत. 'अ'मध्ये चौकाभोवतीच्या ये-जा वाटेला थोडी जास्त जागा जाते, ती धरली तरी तेवढ्याच वापराच्या जागेसाठी 'अ'ला १७६ लागत नाहीत, १६० पुरतात. बाहेरून ११ बाय १६ केलं, चौक वजा केला, बरोबर १६० आले.

क्षेत्रफळ ९ टक्के कमी झालं म्हणून खर्च ९ टक्के कमी होत नाही. स्वयंपाकघर, बाथरूम, दारांची संख्या तीच राहते, आणि महाग गोष्टी तिथेच असतात. मी सहा भाग कमी धरले. 'अ' ९४ वर आला. नऊचा फरक तीनवर! एकूण क्षेत्रफळ सारखं ठेवून पर्याय मांडले असते तर एक चांगला पर्याय मी स्वतःच मारून टाकला असता. तेव्हापासून खोल्या सारख्या ठेवते आणि क्षेत्रफळ जे येईल ते येऊ देते.

'क'चा आकडा अंदाजाने टाकला, ९३. कोण घेणार होतं तो?

३० जानेवारी

त्यांनी 'क' घेतला.

म्हणजे अगदी लगेच नाही. तिन्ही पर्याय टेबलावर ठेवले, कोणता मला आवडतो ते सांगितलं नाही. आधी पैसे काढले नाहीत. प्रत्येक पर्यायात १६ तारखेच्या कागदावरचा एकेक दिवस चालवून दाखवला. बोट प्लॅनवर ठेवून, आजी रात्री उठल्या तर कुठून जातील, मुलगी अकरानंतर कुठे बसेल. 'अ'मध्ये मुलीच्या खोलीचा दिवा आजींच्या खिडकीत पडतो हे माझ्या नाही, मुलीच्याच लक्षात आलं. चौकाची दुसरी बाजू होती ती. शिवाय चौकाभोवती सगळ्या खोल्या, म्हणजे आवाजही सगळ्यांचा सगळ्यांना. मला जे जिव्हाळ्याचं वाटत होतं ते तिला नजरकैदेसारखं वाटत होतं. 'ब' आजींनी एका वाक्यात निकालात काढला: "अगं, सगळे वर जाऊन झोपणार आणि मी खाली एकटी?"

'क'मध्ये दादा-वहिनींची खोली आजींच्या शेजारी आणि मुलं वर. वहिनींच्या कामाच्या टेबलाला जिन्याखालची खिडकी मिळत होती. पाच जणांनी पाच मिनिटांत ठरवलं.

मग आकडे सांगितले: अ ९४, ब ९१, क ९३. हे आकडे १० ते १५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतात, असंही सांगितलं. त्यावर दादांनी अगदी बरोबर प्रश्न विचारला. "आकडाच एवढा हलतो तर दोनतीन भागांवर वाद कशाला घालायचा?"

याचं उत्तर मला तिथे नीट देता आलं नाही, घरी येऊन सुचलं आणि फोन करून सांगितलं. दर वाढले तर तिन्ही पर्यायांना जवळजवळ सारखेच वाढतात. एकूण आकडा ढिला आहे, पण पर्यायांमधला फरक त्यामानाने घट्ट आहे. ९१ चे उद्या १०० होतील, तेव्हा ९४ चे १०३ होतील. मात्र ज्याचा आकडा मनाने टाकला त्याला हे लागू नाही, आणि तो तर त्यांनी निवडला होता. हे मी फोनवर बोलले नाही. बोलायला हवं होतं.

८ फेब्रुवारी

'क' खरा करायला बसले आणि नऊ दिवस गेले. हा सगळा वेळ माझ्या दीड तासाच्या आळसाची किंमत.

दोन गोष्टी बसत नव्हत्या. वरच्या मजल्याची पुढची भिंत ७ मीटरवर होती, ती खाली हॉलच्या बरोबर मध्यावर येत होती. एक तर हॉलमध्ये खांब, नाही तर छताखाली खोल लोंबणारा बीम. दुसरं, वरचं एक बाथरूम थेट जेवणाच्या टेबलावर. गळती झाली तर कुठे होईल ते सांगायला नको.

बाथरूम खालच्या बाथरूमच्या डोक्यावर सरकवलं, त्यासाठी जिना फिरवावा लागला. पुढची भिंत ६० सेंमी पुढे आणून खालच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टेकवली. त्यामुळे वरचा मजला ८ बाय ७.६ झाला, सुमारे ५ चौरस मीटर वाढले. खर्च ९३ चा ९५.

दादांना सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत, पण "म्हणजे अजून वाढेल" असं म्हणाले, ते जास्त लागलं. आकडा वाढण्याचं कारण काहीही असो, पहिला आकडा लोकांच्या डोक्यात रुततो. दाखवायला नेलेला प्रत्येक पर्याय निवडला जाऊ शकतो, तेव्हा खांब, बीम आणि पाण्याची लाइन एवढं तरी प्रत्येकात तपासून न्या. तपासायला वेळ नसेल तर दोनच पर्याय न्या.

१२ फेब्रुवारी

आजींची खोली कागदावर कळत नव्हती, म्हणून सगळ्यांना प्लॉटवर बोलावलं. खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली, फक्की टाकून खोली जमिनीवर खऱ्या मापात आखली. ३ बाय ३.६ मीटर.

"एवढीशी?" आजी म्हणाल्या. वहिनींचा चेहराही उतरला. दादांनी तिथल्या तिथे सांगितलं, खोली ६० सेंमीने वाढवा.

हे मला आधी माहीत असायला हवं होतं. उघड्यावर, भिंती आणि छत नसताना, कोणतीही खोली लहानच दिसते. मोकळ्या आकाशाखाली तिची तुलना अख्ख्या प्लॉटशी होते. भिंती चढल्या की तीच खोली पुरेशी वाटते. पण हे तोंडी सांगून कोणाचं समाधान होत नाही. आणि ६० सेंमी म्हणजे नुसती ती खोली वाढत नाही. घर ८ मीटर रुंद, अख्खं घर तेवढं लांबवावं लागतं. पुन्हा ५ चौरस मीटर, पुन्हा दोन भाग.

मग टेप घेऊन त्यांच्या सध्याच्या घरी गेलो आणि आजींची आताची खोली मोजली. २.९ बाय ३.३. म्हणजे नवी मोठीच होती! दुसऱ्या दिवशी प्लॉटवर परत गेलो. या वेळी पलंगाच्या मापाची चादर जमिनीवर अंथरली, कपाटाच्या जागी खोके ठेवले, आणि आजींना वॉकर घेऊन चालायला सांगितलं. पलंगाच्या बाजूला ९० सेंमी मोकळे राहत होते, वॉकर सहज वळत होता. खोलीचा प्रश्न तिथे संपला.

पण दुसरा दिसला. पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत त्यांना अकरा पावलं लागत होती, एक वळण घेऊन. दार शेजारच्या भिंतीत सरकवलं तर पाच, आणि वळण नाही. कागदावर मी हे दार तीनदा पाहिलं होतं आणि मला ते ठीक वाटलं होतं. बदलाचा खर्च शून्य.

फक्कीने आखायचं असेल तर सामान सोबत न्या. नुसती चौकट दाखवणं वाईटच.

१७ फेब्रुवारी

९५ चे ९० करायचे होते. याआधीच्या एका कामात मी वजाबाकीची यादी करून नेली होती आणि कुटुंबाने ती माझ्याशी घासाघीस केल्यासारखी वाचली होती. त्यामुळे या वेळी कात्री त्यांच्या हातात दिली.

पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, एक भाग म्हणजे एक सेंमी. पाया आणि जोतं १४, सांगाडा आणि स्लॅब २३, भिंती-गिलावा १४, दारं-खिडक्या १०, फरशी आणि बाथरूम १४, वीज आणि नळ १०, रंग आणि वॉटरप्रूफिंग ५, भिंतीतली कपाटं ३, वरची बाल्कनी २. टेबलावर ९० सेंमीची एक रेघ मारली. पट्ट्या ओळीने लावल्या की शेवटचे ५ सेंमी रेघेबाहेर जात होते. (पहिल्यांदा कागदाच्याच पट्ट्या केल्या होत्या, पंखा लावला आणि सगळा हिशेब उडाला. पुठ्ठाच घ्या.)

पट्टीच्या पाठीवर रंग. लाल म्हणजे आता केलं नाही तर पुन्हा जवळजवळ होत नाही: पाया, सांगाडा, बाल्कनीचा बाहेर आलेला स्लॅब, भिंतीतून जाणारे पाइप. निळा म्हणजे नंतर भर घालता येते, तेवढ्याच खर्चात किंवा थोड्या जास्त: कपाटं, फरशीचा दर्जा, रंग. या दोन रंगांनी बोलणं बदललं. तोवर "काय नको?" असा प्रश्न होता आणि त्यावर कोणी तोंड उघडत नव्हतं. "काय थांबू शकतं?" यावर सगळे बोलले.

कपाटं पहिल्या मिनिटात गेली, ९२. मग मुलीने स्वतःहून सांगितलं की वर दोन बाथरूम नकोत, ती भावाबरोबर एक वापरेल. मी म्हटलं, जागा ठेवू, पाइप आणि ड्रेनेजची तोंडं आताच काढून बंद करू, फरशी आणि भांडी नंतर. पूर्ण बाथरूमपेक्षा दीड भाग वाचतो. सगळंच काढलं असतं तर दोन वाचले असते. अर्धा भाग देऊन पुढचा रस्ता उघडा ठेवला. ९०.५. वहिनींनी वरच्या मजल्याला साधी फरशी घेतली आणि रेघ गाठली.

मध्ये एक चूक माझी. राखीव १० भागांची पट्टीही मी टेबलावरच ठेवली होती, कोपऱ्यात. कपाटं जाताना दादांनी सहज ती उचलली आणि "ही आहेच की" म्हणून जोडायला गेले. पाच मिनिटं समजावण्यात गेली: माती कशी लागेल हे अजून माहीत नाही, दर हलतील, बांधताना तुम्हीच दोन गोष्टी बदलाल. पुढच्या वेळी ती पट्टी पाकिटात घालून, पाकीट चिकटवून नेणार.

१९ फेब्रुवारी

दादांचे धाकटे भाऊ आले. बजेटमधले ३० भाग त्यांचे आहेत, हे मला आज कळलं. आज! दीड महिन्यात मी एकदाही विचारलं नाही की पैसे कोणाकोणाचे आहेत.

त्यांना घर आवडलं, पण प्रश्न एकच: उद्या ते राहायला आले तर पुढच्या गच्चीवर खोल्या चढतील का? सध्याच्या पायावर नाही. त्या भागातले पाये आणि खांब मी एका मजल्यापुरते धरले होते. पुढे चढवायचं असेल तर ते आताच मोठे करावे लागतात, आणि खांबांच्या सळया गच्चीवर सोडून गंज लागणार नाही अशा झाकाव्या लागतात. पाठीवरचा रंग अर्थातच लाल.

"किती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं दोन भाग. स्ट्रक्चरल इंजिनिअरला न विचारता. ते म्हणाले, ते दोन मी देतो. वहिनींनी २ सेंमीचा तुकडा कापला आणि रेघ ९२ पर्यंत वाढवली.

२६ फेब्रुवारी

इंजिनिअरचा निरोप आला: दोन नाही, तीन.

सगळ्यांना फोन करण्यापेक्षा पट्ट्या घेऊन परत गेले. एक सेंमी रेघेबाहेर होता आणि भाऊ आधीच दोन देऊन बसले होते, त्यांच्याकडे पुन्हा बघणं बरं दिसलं नसतं. कोणी काही बोलेना. मी राखीव पाकीट पिशवीतून काढलंच नाही. शेवटी दादांनी बाल्कनीची पट्टी उचलली. सहा मीटरची बाल्कनी ही पहिल्या दिवसापासून त्यांची एकट्याची मागणी होती, पश्चिमेला तोंड करून, जिथे दुपारभर ऊन तापणार हे मी दोनदा सांगून झालं होतं. त्यांनी ती मधोमध कापली. "तीन मीटरला एक खुर्ची बसते," म्हणाले.

१:१०० चं तेच हाताचं स्केच, त्यावर लाल पेन्सिलने सगळे बदल, खाली पट्ट्यांचा फोटो आणि तारीख. सह्या पाच जणांच्या आणि धाकट्या भावांची सहावी. आजींनी सही करण्याआधी बाथरूमच्या दारावर बोट ठेवून पाच पावलं मोजली.

माझे तास: ठरवले होते ३०, लागले ६८. त्यात १४ चित्रांचे, सुमारे २० 'क' सरळ करण्याचे. फी ३० तासांचीच धरली होती. आता माती तपासणीच्या अहवालाची वाट पाहते आहे. तो आल्याशिवाय १:५० च्या तपशीलवार नकाशांना हात लावणार नाही.